बाइतो, आल्बा आणि बाकीची कापाकापी

पुण्यातून जपानीचं एन-फोर, एन-थ्री करून आलेल्या मंडळींची पहिल्या महिन्यात एकच तक्रार असते, पुस्तकातलं सगळं येतं पण कॉलेजच्या ग्रुपवर पोरं काय लिहितात ते घंटा कळत नाही. मी आधी सोलला होतो, आता टोकियोत, त्यामुळे दोन्हीकडचं मिळून लिहितोय, कारण जपानी आणि कोरियन दोन्ही भाषा बाहेरचे शब्द घेऊन कापतात पण कापायची पद्धत वेगळी आहे, आणि ती एकदा डोक्यात बसली की नवीन शब्द आला तरी निम्मा आपोआप सुटतो.

हे वाक्य बघा, टोकियोत अगदी रोजचं: "किनो बाइतो साबोत्ते सुताबा इत्ता." म्हणजे काल पार्टटाइम कामाला दांडी मारून स्टारबक्सला गेलो. एवढ्याशा वाक्यात एक जर्मन शब्द, एक फ्रेंच शब्द आणि एक अमेरिकन कंपनी. बाइतो हा जर्मन आर्बाइट, म्हणजे काम. जपानी विद्यार्थ्यांनी त्याचा आरुबाइतो केला, मग पुढचं आरु उडवलं, राहिलं बाइतो. हाच शब्द जपानीतून कोरियनमध्ये गेला, पण तिथे लोकांनी शेपूट कापलं. कोरियनमध्ये पूर्ण शब्द आरुबाइतु, त्यातलं आ आणि रु एका अक्षरात कोंबून आल् केलं, पुढे बा, झालं आल्बा. कोरियन लिपीत प्रत्येक अक्षर हा एक चौकोन असतो आणि त्याच्या तळाशी व्यंजन बसवता येतं, म्हणून हे जमतं.

स्टारबक्सचंही तसंच. जपानी माणूस सुताबाक्कुसु म्हणतो आणि पुढचा तुकडा ठेवतो, सुताबा. कोरियन माणूस पहिला चौकोन आणि तिसरा चौकोन उचलतो, सुबॉक. आता वरचं वाक्य कोरियनमध्ये: "ऑजे आल्बा च्चेगो सुबॉक कास्सॉ." अर्थ तोच, फक्त दांडी मारायला इथे स्वतःचं कोरियन क्रियापद आहे, च्चेदा.

जपानीचा ठोका साधारण दोन अधिक दोन असा आहे. पर्सनल कॉम्प्युटर जपानीत पासोनारु कोंप्यूता असा काहीतरी होतो, त्यातल्या लांब स्वरांचे वेगळे ठोके धरले तर 11 होतात, कोण म्हणणार एवढं. म्हणून पासो अधिक कोन, पासोकोन. पहिला पा मुळात लांब आहे पण कापताना तो आखूड होतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही पाऽसोकोन म्हणत बसाल. रिमोकोन, फामिरेसु (फॅमिली रेस्टॉरंट), सगळे याच साच्यातले. अर्धा शब्द जपानी, अर्धा बाहेरचा असंही चालतं. दोताक्यान म्हणजे दोतान्बा, ऐनवेळ, अधिक कॅन्सल. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता "सॉरी, येत नाही" असा मेसेज आला की तो दोताक्यान.

कोरियन मात्र प्रत्येक शब्दाचा पहिला चौकोन घेत जातं, शब्द कितीही असोत. वर्क लाइफ बॅलन्स झालं वोराबेल. केस बाय केस झालं केबाके. कॅफेत पुढचा मुलगा "आआ हाना" म्हणाला तर त्याला काही लागलेलं नाहीये, त्याने एक आइस अमेरिकानो मागवलाय. गरम हवी असेल तर त्तुआ. आणि जानेवारीत उणे तापमानात बर्फाचीच कॉफी पिणारे जे महाभाग असतात त्यांना ऑलजुगा म्हणतात, गोठून मेलो तरी आइस अमेरिकानो, या अख्ख्या वाक्याचे तीन चौकोन. या कापाकापीला वैतागलेल्या लोकांनी "काहीही छोटं करतात हे" या अर्थाचा शब्द काढला, ब्यॉलदाजुल, आणि तोही कापलेलाच आहे, आता काय बोलणार.

व्याकरणात गोची होते ती जपानीत. आपण "गुगलून बघ" म्हणतो ना, तसं ते बाहेरच्या शब्दाला रु लावून क्रियापद करतात. गुगुरु म्हणजे गुगल करणे, ताकुरु म्हणजे टॅक्सीने जाणे, साबोरु हा सॅबोटाजपासून आलाय आणि तो तर आजोबांच्या पिढीचा आहे, तरुणांचा नाहीच. नवीन माणूस रु दिसला की ताबेरुसारखं चालवतो आणि साबोते म्हणतो. चूक. असले शब्द ताबेरुच्या गटातले नसतात, तोरुसारखे चालतात, साबोत्ते, साबोत्ता, साबोरानाइ, गुगुत्ते, ताकुत्ता. शेवटी इ लागलेली विशेषणंही असतात, एमोइ (इमोशनल) त्यातलं, ते सामुइसारखंच चालतं, एमोकात्ता, एमोकुनाइ. वाचताना खूण अशी की मूळ तुकडा काताकानात आणि शेपूट हिरागानात असतं, असं दिसलं की समजा क्रियापद किंवा विशेषण आहे. कोरियनमध्ये हे डोकेदुखीचं काम कमी, बहुतेक वेळा हादा लावलं की झालं, आल्बा हादा.

कुठे वापरायचं हे जास्त महत्त्वाचं. कोन्बिनी, पासोकोन, आल्बा हे स्लँग राहिलेलेच नाहीत, घरमालकाशीही बोला. बाइतो बोलताना चालतं पण रिरेकिशोवर, म्हणजे बायोडेटाच्या फॉर्मवर, पूर्ण आरुबाइतो लिहायचं. ऑफिसात रिसुके (रीशेड्यूल) सर्रास ऐकाल, पण तो आपापसात, क्लायंटला मेल लिहिताना नित्तेइ हेंको असं नीट लिहा. ताकुरु, कोरियनमधलं आस्सा (आउटसायडर, ग्रुपबाहेरचा) वगैरे फक्त बरोबरीच्यांशी, आणि आस्सा तर शक्यतो स्वतःबद्दलच, दुसऱ्याला म्हटलं की टोमणा होतो.

आणि हा भाग प्लीज सोडू नका. टोकियोत यामी बाइतो नावाचा प्रकार आहे, यामी म्हणजे अंधार. सोशल मीडियावर जाहिरात येते, दिवसाला भरपूर पैसे, फक्त एक पाकीट आणून द्यायचं, आणि ते पाकीट असतं कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईला फोनवर फसवून काढलेल्या पैशांचं. पकडला जातो तो पाकीट उचलणारा पोरगा. जाहिरातीत यामी असं अर्थातच लिहीत नाहीत, लिहितात कोगाकु बाइतो, भरपूर पगाराचं काम, किंवा होवाइतो आंकेन, म्हणजे व्हाइट, कायदेशीर काम. जो खरंच कायदेशीर काम देतो तो कशाला सांगेल की हे कायदेशीर आहे? तिथे व्हिसाच्या 28 तासांबद्दल कोणी विचारत नाही, हीच दुसरी खूण, कारण खरं दुकान आठवड्याची मर्यादा आणि कामाची परवानगी आधी बघतं. कामाचं ठिकाण न सांगता आयडी कार्डाचा फोटो आधी मागितला तर तिथेच ब्लॉक करा, तो फोटो नंतर धमकावायला वापरतात. सोलमध्ये कोएक आल्बा, म्हणजे तेच भरपूर पगाराचं काम, दिसलं तरी हाच हिशोब लावा. क्कुल आल्बा, म्हणजे मधासारखं गोड काम, हा शब्द मित्र एरवी साध्या आरामाच्या नोकरीलाही वापरतात, तेव्हा मित्राने म्हटलं तर घाबरू नका, अनोळखी अकाउंटने म्हटलं तर घाबरा.

अडलेला शब्द डिक्शनरीत शोधू नका, नवीन असेल तर नसतोच. शब्दापुढे जपानीत इमी आणि कोरियनमध्ये त्तुत, दोन्हीचा अर्थ "अर्थ", लावून सर्च करा, असं:

```
タクる 意味
갑분싸 뜻
```

दुसऱ्या ओळीतला शब्द मुद्दाम सोडवत नाही, तीन चौकोन आहेत, तीन शब्द शोधा.