२५ एच७ भोकासाठी प्लग गेज

२५ एच७ भोकाची मर्यादा २५.००० ते २५.०२१ मिमी, म्हणजे टॉलरन्स २१ मायक्रॉन. गेज बनवणाऱ्यालाही थोडी सूट लागते. रूढ नियमाने ती कामाच्या टॉलरन्सचा दहावा भाग, इथे साधारण २ मायक्रॉन. ही सूट मर्यादेच्या आतल्या बाजूला ठेवा: चांगल्या भोकात जायलाच हवा तो गो २५.००० ते २५.००२, जायला नको तो नो-गो २५.०१९ ते २५.०२१. काठावरचं एखादं चांगलं भोक नाकारलं जाईल, पण नव्या गेजमधून वाईट सुटणार नाही.

गो प्रत्येक चांगल्या भोकात घासत जातो, म्हणून झिजतो तोच. तो २५.००० च्या खाली गेला की लहान भोकंही पास होतात आणि शाफ्ट असेंब्लीत अडकतो. गो ठरावीक काळाने मोजत राहा. आणि भोक गरम असताना गेज घालू नका. थंड झाल्यावर ते आकसतं.