मालकाने थेट पैसे दिले म्हणून तो उपकंत्राटदाराला बांधला जातो का?

करारात जो पक्षकार नाही त्याला त्या करारावर दावा लावता येत नाही आणि तो करार त्याच्यावर लादताही येत नाही, हा नियम कंत्राटांच्या वादांत नव्याने काम करू लागलेल्यांना पाठ असतो. मला मात्र पहिली काही वर्षे एका प्रश्नाने फार छळले: मालकाने उपकंत्राटदाराची काही बिले थेट चुकती केली, तर उरलेली रक्कम मालकाकडून मागता येते का?

एस्सार ऑइल विरुद्ध हिंदुस्थान शिपयार्ड या खटल्यात नेमके हेच घडले होते. ओएनजीसीचे काम शिपयार्डने घेतले आणि त्यातला भाग एस्सारला दिला. पुढे शिपयार्डच्या सांगण्यावरून ओएनजीसीने काही रकमा एस्सारला थेट दिल्या. एवढ्याने ओएनजीसी आणि एस्सार यांच्यात करार निर्माण होत नाही आणि पैशांची जबाबदारी शिपयार्डचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवले.

म्हणून थेट पैसे आल्याच्या बँक नोंदींवर विसंबू नका. त्यामागचे पत्र वाचा. ‘मुख्य कंत्राटदाराच्या विनंतीवरून, त्याच्या बिलातून वळते करून’ असे त्यात असेल, तर मालक फक्त दुसऱ्याचे देणे भागवत असतो. ‘मुख्य कंत्राटदाराने दिले नाहीत तर आम्ही देऊ’ असे मालकाने उपकंत्राटदाराला स्वतः लिहून दिले असेल, तर ते त्याचे स्वतंत्र वचन ठरू शकते आणि दाव्याला खरा पाया मिळतो. त्रिपक्षीय करार असेल किंवा मुख्य कंत्राटदाराने मालकाकडून येणारी रक्कम उपकंत्राटदाराच्या नावे रीतसर हस्तांतरित केली असेल, तरीही वाट मोकळी असते.

‘दबावासाठी मालकालाही प्रतिवादी करून टाका’ हा अनेक ज्येष्ठांचा सल्ला मला घातक वाटतो. मालक आपले नाव वगळण्याचा अर्ज देतो आणि मूळ दावा त्यावरच अडून राहतो. त्याहून वाईट म्हणजे, देण्याची मुदत ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते आणि मालकाशी केलेल्या पत्रव्यवहाराने मुख्य कंत्राटदाराविरुद्धची ही मुदत वाढत नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मुख्य कंत्राटदाराविरुद्धचा हक्क शाबूत असतो. फक्त ‘मुख्य कराराच्या अटी लागू राहतील’ एवढ्याच ओळीच्या भरवशावर लवाद मागू नका. एम. आर. इंजिनिअर्स खटल्यात २००९ मध्ये अशा सर्वसाधारण उल्लेखाने मुख्य करारातील लवादाचे कलम उपकंत्राटात येत नाही, असे ठरले आहे.

उलट बाजूलाही नियम तोच आहे. काम निकृष्ट निघाले तर मालकाने करारावर मुख्य कंत्राटदारालाच धरायचे असते. उपकंत्राटदाराने मालकाच्या नावे वेगळी हमी लिहून दिली असेल, तरच त्या हमीपुरता तो थेट बांधला जातो.