हजेरीतला अर्धा रोज: या चुका टाळा

बांधकामाच्या साइटवर हप्त्याच्या दिवशी भांडण झालं, तर ते बहुतेक वेळा पूर्ण रोजावरून होत नाही. आला तो आला, नाही आला त्याचा खाडा, यावर कोणी फारसा वाद घालत नाही. भांडण होतं ते अर्ध्या रोजावरून. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कितीतरी साइटवरची मस्टरं मी तपासली आहेत आणि नव्या सुपरवायझरांच्या चुका त्याच त्या असतात.

अर्धा रोज नुसता "½" लिहिणं

½ एवढंच लिहिलं, की माणूस सकाळी होता की दुपारी हे कळत नाही. तो स्वतःहून गेला की काम बंद पडलं म्हणून बसून राहिला, हेही कळत नाही. चार दिवसांनी हिशेबाला बसल्यावर नेमक्या याच दोन गोष्टींवर पैसे अडतात.

अमळनेर तालुक्यातल्या एका साइटवर दुमजली इमारतीचा स्लॅब होता. टोळीत सोळा माणसं. अकराच्या सुमाराला मिक्सर बंद पडला. हजेरी घेणारा मुलगा नवा होता. "काम बंद" म्हणून बारा वाजता त्याने सोळाही जणांपुढे ½ ओढला आणि मिक्सरचा पार्ट आणायला गाडीवर बसून निघून गेला. तीनला मिक्सर सुरू झाला, उरलेला स्लॅब पडला, माणसं संध्याकाळी घरी गेली. दुपारची हजेरी कोणीच घेतली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी हप्ता वाटायला घेतला, तेव्हा वहीत सोळा अर्धे, म्हणजे आठ रोज. बिगाऱ्याचा रोज ५५० रुपये होता, म्हणून ठेकेदाराच्या हिशेबनिसाने ४,४०० रुपये मोजून ठेवले होते. मुकादम म्हणे सोळा रोजांचे ८,८०० द्या. "साहेब, मना मानसे तठेच बठेल व्हतात," हे त्याचं एकच पालुपद. हिशेबनीस म्हणे, चार तास सावलीत बसले त्याचे पैसे कसले? आवाज चढले, टोळी सामान बांधायला लागली. तेव्हा मला बोलावलं.

वहीत काही सापडणार नाही हे उघड होतं. पण स्लॅबला घमेली साखळीने जातात. प्रत्येकाला आपल्याला घमेलं कोण देत होता आणि आपण पुढे कोणाला देत होतो, हे पक्कं आठवतं. मी एकेकाला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, की दुपारच्या मालाच्या वेळी तुझ्या मागे कोण, पुढे कोण? मिक्सरपासून वरच्या गवंड्यापर्यंत साखळी जोडत गेलो. तेरा नावं जुळली. तीन जणांना दुपारी कोणाच्याच शेजारी जागा निघाली नाही. मग मुकादमानेच कबूल केलं, की ते तिघं जेवणाच्या सुट्टीत स्वतःहून गेले होते.

म्हणजे तेरा पूर्ण आणि तीन अर्धे, एकूण साडेचौदा रोज. त्याचे ७,९७५ रुपये होतात. दोन्ही बाजूंचा आकडा चुकीचा होता आणि दोन्ही बाजू मनापासून भांडत होत्या. मजूर खोटारडे असतात असं म्हणणाऱ्या सुपरवायझराने आधी आपली वही उघडून पाहावी.

आता त्या चार तासांच्या बसण्याबद्दल. मिक्सर बंद पडणं, सिमेंट वेळेवर न येणं, पाण्याचा टँकर न पोचणं ही मालकाच्या बाजूची कारणं आहेत. माणूस काम करायला हजर आहे आणि मालक काम देऊ शकला नाही, तर त्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. स्वतःच्या मर्जीने अर्ध्यातून गेला, त्याची गोष्ट वेगळी. म्हणून अर्धा रोज लिहिताना कारण लिहिणं हा वाढीव उद्योग नाही, मजुरी त्याच्यावरच ठरते.

माझी सवय सांगतो. सकाळी काम सुरू झाल्यावर मस्टरमधल्या त्या दिवसाच्या घरात एक तिरपी रेघ ओढतो, अशी: / . जेवणानंतर माणसं पुन्हा कामाला लागली, की जागेवर फिरून दुसरी रेघ उलटी ओढतो. दोन्ही मिळून फुली झाली म्हणजे पूर्ण रोज. नुसती / दिसली तर माणूस सकाळीच होता, नुसती \ दिसली तर दुपारनंतर आला. ज्याची दुसरी रेघ पडत नाही, त्याच्या नावापुढे शेऱ्यात दोन शब्द टाकतो: "स्वतः गेला", "मूल आजारी", "ताप". काम आमच्याकडून बंद असेल आणि माणसं थांबलेली असतील, तर फुली पूर्ण करतो आणि शेऱ्यात "मिक्सर बंद, ११ ते ३" असं लिहितो. संध्याकाळी आठवून एकदम फुल्या मारण्यात अर्धा तास वाचतो असं नव्या मुलांना वाटतं. त्यांनी हप्त्याच्या दिवशी किती वेळ जातो तेही मोजावं.

दिवसाची बेरीज त्याच दिवशी न करणं

मस्टरची बेरीज दोन दिशांनी करायची असते. दिवसाची उभी बेरीज रोज संध्याकाळी, माणसाची आडवी बेरीज हप्त्याच्या दिवशी. बहुतेक जण फक्त आडवी करतात. मग चूक असली तरी दिसत नाही. सहा माणसांचा एक आठवडा घेऊ:

| | सोम | मंगळ | बुध | गुरू | शुक्र | शनि | रोज |
|---|---|---|---|---|---|---|---|
| गवंडी १ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ६ |
| गवंडी २ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | / | ५½ |
| बिगारी १ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ✕ | ६ |
| बिगारी २ | ✕ | / | ✕ | ✕ | ० | ✕ | ४½ |
| बिगारी ३ | ✕ | ✕ | ० | ✕ | ✕ | ✕ | ५ |
| बिगारी ४ | ✕ | ✕ | ✕ | \ | ✕ | ✕ | ५½ |
| एकूण | ६ | ५½ | ५ | ५½ | ५ | ५½ | ३२½ |

उभी बेरीज साडेबत्तीस, आडवीही साडेबत्तीस. गवंड्यांचे साडेअकरा रोज ९०० ने १०,३५० रुपये, बिगाऱ्यांचे एकवीस रोज ५५० ने ११,५५० रुपये. वाटायची रक्कम २१,९००. हे दर फक्त उदाहरणापुरते आहेत.

आडवी बेरीज तेहेतीस आली असती तर? फरक अर्ध्याचा आहे, म्हणजे कुठेतरी एकेरी रेघ फुली म्हणून मोजली गेली. मग सगळी वही चाळायची गरज नाही, एकेरी रेघा असलेल्या तीन ओळीच पुन्हा मोजायच्या. कधी रकमेवरूनही ओळ सापडते. रक्कम २७५ ने जास्त असेल तर चूक बिगाऱ्याच्या अर्ध्यात आहे, ४५० ने असेल तर गवंड्याच्या. मात्र उभी बेरीज त्या त्या संध्याकाळी, माणसं समोर असताना लिहिलेली हवी. शनिवारी दोन्ही बेरजा एकाच बैठकीत केल्या, तर त्याच चुकीच्या खुणा दोनदा मोजून आकडा जुळतो आणि चूक तशीच राहते.

उन्हाळ्यातही "अर्धा म्हणजे जेवणापर्यंत" धरणं

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी काम होत नाही. भुसावळ-जळगावचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, म्हणून सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात अशी वेळ ठेवतात. सकाळचे पाच तास, संध्याकाळचे तीन. आता सकाळी पाच तास राबून गेलेल्यालाही अर्धा आणि संध्याकाळी तीन तास आलेल्यालाही अर्धा! सकाळच्या माणसाने तोंड वाकडं केलं तर त्याचं चुकलं कुठे? तासांनी त्याचे ३४३ रुपये ७५ पैसे होतात, हातात पडतात २७५.

मी उन्हाळा लागायच्या आधीच वेळ बदलून घेतो. साडेपाच ते साडेअकरा सहा तास, पाच ते सात दोन तास. सकाळचा पाऊण रोज, संध्याकाळचा पाव. हिशेब सरळ होतो आणि जड काम सकाळीच उरकतं. टोळी आल्या दिवशीच हे मुकादमासमोर सांगून मस्टरच्या पहिल्या पानावर लिहायचं. एप्रिलच्या मध्यात नियम काढला तर कोणी मानणार नाही.

जादा तास हजेरीच्या घरात कोंबणं

स्लॅबच्या दिवशी माणूस दोन तास जास्त थांबला, की काही जण त्याच घरात १½ लिहितात. पैशाचा आकडा बरोबर येतो: आठ तासांचा रोज ५५० म्हणजे तासाला ६८.७५, जादा कामाचा दर दुप्पट म्हणजे १३७.५०, दोन तासांचे २७५, म्हणजे अर्धा रोजच. पण हजेरीचं घर दिवस मोजण्यासाठी आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीला मागच्या वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तिथे दिवस विचारतात, रोज विचारत नाहीत. दोन्ही एकाच घरात मिसळले, तर दाखला देताना कोणाचे दिवस खोटे वाढतात आणि कोणाचे नीट सांगता येत नाहीत. जादा तासांना शेवटी वेगळा रकाना ठेवा.

आणखी काही

पेन्सिलने हजेरी घेऊ नका. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करा. पांढरी शाई लावलेल्या मस्टरवर कोणी विश्वास ठेवत नाही.

मुकादमाने "आज बारा" सांगितलं म्हणून बारा लिहू नका. नाव घेऊन, तोंड पाहून लिहा. सातपुड्यातल्या टोळीत एकाच आडनावाचे पाच आणि एकाच नावाचे दोन असतात, म्हणून बापाचं नाव आणि गाव सुरुवातीलाच लिहा.

सुटे नाहीत म्हणून २७५ चे २५० करू नका. ते पंचवीस रुपये मजुराच्या लक्षात राहतात, तुमच्या राहत नाहीत.

प्लास्टर उक्तं दिलं असेल तर त्या माणसांची हजेरी वेगळ्या पानावर घ्या, नाहीतर मापाचेही पैसे जातात आणि रोजाचेही.

उचल हजेरीच्या घराच्या कोपऱ्यात लिहिण्याची सवय तर फारच वाईट. ५०० चा आकडा आणि ½ ची खूण एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत. उचलीची वही वेगळी, तिच्यात तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा पैसे देतानाच. होळीआधी भोंगऱ्याला माणसं गावी जातात, आखाजीलाही जातात, आणि सगळी परत येतातच असं नाही. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाचे रोज, जादा तास आणि उचल त्याला वाचून दाखवून शिल्लक हातात द्या, आणि त्या तारखेखाली दोन रेघा ओढून पान बंद करा.