लोह भरपूर, रक्त मात्र कमी: एमडीएसच्या पेशंटबाबत या चुका टाळा

गुरुजी ७१ वर्षांचे, कराडजवळच्या गावातले निवृत्त शिक्षक. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आठ महिने त्यांना लोहाच्या गोळ्या चालू होत्या. घरी बीट, डाळिंब, खजूर, अहळिवाचे लाडू, सगळं सुरू होतं, सूनबाई लोखंडी कढईतच भाजी करत होत्या. तरी हिमोग्लोबिन ९.४ वरून ७.६ वर आलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बोन मॅरोच्या काचा तपासणं हे माझं रोजचं काम. गुरुजींची फाईल हातात आली तेव्हा मुलाने विचारलं, "एवढं लोखंड पोटात गेलं, मग रक्त का वाढत नाही?"

उत्तर त्यांच्या पहिल्याच रिपोर्टात होतं, फक्त कोणी ती ओळ वाचली नव्हती. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०६ होता. साधारण ८० ते १०० हा नेहमीचा आकार. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, गुरुजींच्या तर मोठ्या झाल्या होत्या. आणि शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तपासलं तर ते ६४० निघालं. लोह कमी नव्हतंच, उलट साठून राहिलं होतं.

या आजाराचं नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, बोलताना आम्ही एमडीएस म्हणतो. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यातल्या एकीच्या जनुकात बिघाड होतो. तिची पिलावळ वाढत जाते आणि हळूहळू बराचसा मगज तिच्याच वंशाचा होतो. या पेशी तयार होतात, पण नीट पिकत नाहीत, आणि बऱ्याचशा रक्तात उतरण्याआधी मगजातच मरतात. कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या पाहिल्या असतील तर लक्षात येईल. भट्टी विटांनी गच्च भरलेली, पण विटा बाहेर काढण्याआधीच ढासळतात. तिथे अजून माती आणून टाकली तर काय होणार? म्हणूनच या पेशंटच्या मगजात पेशींची गर्दी असते आणि रक्तात दुष्काळ. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हे एवढं न कळल्यामुळेच होतात.

गोळ्या चालू ठेवणं, आणि उलट्या बाजूची घाई

लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालं असेल तर गोळ्यांनी साधारण महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी वाढायला हवं. वाढलं नाही तर डोस वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासायला हवं. साठीच्या पुढचा माणूस, रक्त कमी, एमसीव्ही शंभरच्या वर, आणि सोबत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेटही उतरलेल्या असतील, तर एमडीएसचा विचार त्याच दिवशी मनात यायला हवा.

पण याची दुसरी बाजूही मी तितक्याच वेळा पाहिली आहे. बी-१२ कमी असलं तरी पेशी मोठ्या होतात, तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात, आणि मगजाची काच हुबेहूब एमडीएससारखी दिसते. आपल्याकडे शाकाहारी माणसं, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारी माणसं पुष्कळ. त्यामुळे बी-१२ आणि फोलेट न तपासता एमडीएसचा शिक्का मारणं ही मोठी चूक आहे. बी-१२ खरोखर कमी असेल तर इंजेक्शननंतर आठवड्याभरात रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, भराभर वाढतात. ही वाढ दिसलीच नाही तर इंजेक्शनांचा दुसरा-तिसरा कोर्स करण्यात अर्थ नाही.

औषधांची पिशवीही उघडून बघा. दारू, टीबीवरची आयसोनियाझिड आणि लिनेझोलिड, सांधेदुखीवरचं मेथोट्रेक्सेट, यांनीही मगज बिघडतो. झिंकच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांब्याची कमतरता एमडीएसचं सोंग चांगलंच वठवते. गुरुजींच्या बाबतीत हे सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही.

तपासणी अर्धवट करणं

मगजाच्या तपासणीचं नाव काढलं की घरचे घाबरतात. "पाठीच्या कण्यातलं पाणी काढणार का?" हा प्रश्न हमखास येतो. तसं काही नसतं. कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून, सुई घालतात आणि थोडा मगज काढतात. ओढताना काही सेकंद चांगलं दुखतं, हे मी लपवत नाही. त्याच दिवशी पेशंट घरी जातो.

खरी चूक सुई टोचल्यानंतर होते. सगळा नमुना काचेवर आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, गुणसूत्रांच्या तपासणीसाठी काहीच ठेवलं जात नाही. त्या तपासणीला जिवंत पेशी लागतात, म्हणून हेपरिनच्या, हिरव्या टोपणाच्या नळीत वेगळा नमुना घ्यावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात, मग गुणसूत्रं वाढवून बघता येत नाहीत. परिणामी पेशंटला महिन्याभराने पुन्हा तीच सुई. ही तपासणी उपचार ठरवते. पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असणं ही एवढीच खूण सापडली, तर लेनालिडोमाइड या गोळीने अनेकांचं रक्त चढवणं थांबू शकतं. म्हणून सुई टोचण्याआधीच विचारा: गुणसूत्रांसाठी वेगळी नळी घेणार आहात ना? आणि मगजाच्या काचेला लोहाचा रंग देणार आहात ना?

हा लोहाचा रंग माझ्या फार जिव्हाळ्याचा. काचेवर तो द्यायचा, आणि लोह असेल तिथे निळे ठिपके उमटतात. गुरुजींच्या काचेवर मला काय दिसलं सांगते. गुलाबी पार्श्वभूमीवर तांबड्या पेशींची पिल्लं, आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या केंद्रकाभोवती निळ्या कणांचं कडं, गळ्यात मोहनमाळ घातल्यासारखं. केंद्रकाच्या किमान एकतृतीयांश परिघाला वेढणारे पाच किंवा अधिक कण असतील तर तिला रिंग सिडरोब्लास्ट म्हणतात. त्यांच्याकडे अशा ३८ टक्के होत्या. लोह पेशीपर्यंत पोहोचत होतं, पण हिमोग्लोबिनमध्ये न शिरता मायटोकॉन्ड्रियात अडकून बसत होतं. आठ महिन्यांच्या गोळ्या आणि लोखंडी कढईतल्या भाज्या या साठ्यात भरच घालत होत्या. जनुक तपासणीत एसएफ३बी१ या जनुकात बदल सापडला. या प्रकारात तो बहुतेकांमध्ये सापडतो.

"कॅन्सर आहे का?" याचं एका शब्दात उत्तर देणं

"हो" म्हटलं की घरात सुतक पडतं, "नाही" म्हटलं की औषध बंद. हा एकाच बिघडलेल्या पेशीच्या वंशाचा आजार आहे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात त्याला मायलोडिस्प्लास्टिक निओप्लाझम असं नाव दिलं गेलं. पण सगळ्यांचा धोका सारखा नसतो. मगजातल्या कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, एरवी ५ टक्क्यांच्या आत असतात. त्या २० टक्क्यांवर गेल्या की आजाराला साधारणपणे अॅक्युट ल्युकेमिया म्हणतात.

मधल्या प्रवासाचा अंदाज बांधायला २०१२ पासून आयपीएसएस-आर ही गुणपद्धती वापरतात. गुरुजींचं गणित असं: हिमोग्लोबिन ८ च्या खाली, १.५ गुण. गुणसूत्रं नॉर्मल, १ गुण. ब्लास्ट २ टक्के, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुरेशा, तिन्हींचे शून्य. एकूण २.५, म्हणजे कमी धोका. ही पद्धत ज्या पेशंटवरून तयार झाली त्यांच्यात या गटाचं मध्यम आयुर्मान ५.३ वर्षं होतं, आणि सर्वांत जास्त धोक्याच्या गटाचं जेमतेम ०.८ वर्ष. एकाच नावाच्या आजारात एवढा फरक असतो. त्यामुळे शेजारच्या काकांना काय झालं होतं यावरून आपल्या माणसाचं भविष्य ठरवू नका. गुण किती आणि गट कोणता, हे फाईलवर लिहून मागा.

उपचारातली उतावीळ

गुरुजींना एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणाऱ्या हार्मोनची, इंजेक्शनं द्यायची ठरली. ती देण्याआधी रक्तातलं मूळचं एरिथ्रोपोएटिन मोजतात. ते ५०० च्या वर असेल तर बाहेरून आणखी देऊन सहसा उपयोग होत नाही, २०० च्या आत असेल तर आशा चांगली. पण हा नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायचा. पिशवी चढवली की हा आकडा उतरतो आणि चुकीची आशा दाखवतो. गुरुजींचा १४० आला. दोन आठवड्यांनी मुलाचा फोन, "काहीच फरक नाही, बंद करू का?" या औषधाचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी लावतात. दहाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.३ झालं आणि गुरुजी पुन्हा सकाळी पारापर्यंत चालत जाऊ लागले. हा परिणाम कायमचा नसतो. ओसरला की या प्रकारासाठी लुस्पॅटरसेप्ट हे इंजेक्शन आहे, पण ते महाग आहे.

जास्त धोक्याच्या आजारात अझासिटिडीन देतात, सात दिवस, दर २८ दिवसांनी. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रक्ताचे आकडे आणखी पडतात आणि घरचे म्हणतात, औषध सोसत नाही. औषध लागू पडलं की नाही हे बहुतेकदा चार ते सहा फेऱ्यांनंतरच कळतं. दोन फेऱ्यांत सोडलं तर त्रास तेवढा भोगून होतो, फायदा कळायच्या आतच औषध थांबतं.

रक्ताच्या पिशव्यांबद्दल दोन गोष्टी. एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. पिशव्या चालू असताना लोहाचं टॉनिक पूर्ण बंद हवं, आणि फेरिटिन १००० च्या वर गेलं की लोह बाहेर काढणाऱ्या औषधाबद्दल विचारायला हवं. दुसरं, पेशंट बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वयाचा असेल तर सख्ख्या भावाबहिणींचं किंवा मुलांचं रक्त थेट त्याला चढवू नका. त्याचं शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं, आणि नेमका तोच भाऊ पुढे दाता ठरू शकतो. ब्लड बँकेत बदली म्हणून रक्तदान जरूर करा, ते दुसऱ्याला जातं.

तापाला क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. ल्युकेमिया न होताही यातली बरीच माणसं जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने दगावतात. एमडीएसमध्ये न्यूट्रोफिल बऱ्याचदा संख्येने कमी असतात, शिवाय असलेल्याही अनेकदा अर्धवट काम करतात. प्लेटलेटचंही तेच: आकडा ९० हजार असूनही दात काढल्यावर रक्त थांबत नाही असं होतं. म्हणून दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नका. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १०१ फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ ताप तासभर टिकला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, आणि दारातच सांगा की पेशंटला एमडीएस आहे, पांढऱ्या पेशी कमी आहेत. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. गुरुजींच्या घरी हे वाक्य शेवटच्या रिपोर्टसह एका कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवलेलं आहे, फ्रिजवरचे कागद पोरं ओढतात म्हणून.