लंडनहून परतल्यावर रेडिओ घड्याळाची वेळ कशी लावावी

रेडिओ सिग्नलवरून आपोआप वेळ जुळवणारे डिजिटल घड्याळ लंडनच्या वेळेवर असताना ठाण्यात आणले, की ते उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे दिसते. तेव्हा जो तो ‘तास पुढे करून टाका’ असे सांगतो. हा सल्ला मुळीच ऐकू नये, कारण चूक आकड्यांत नसून घड्याळाने धरलेल्या शहरात असते.

प्रथम होम सिटी बदलावी. बहुतेक घड्याळांत ADJUST बटण दाबून धरले की शहराची अक्षरे लुकलुकू लागतात. तेथे LON काढून दिल्लीचे DEL आणावे आणि DST, म्हणजे उन्हाळी वेळ, बंद करावे. वेळेला कोणी हात लावलेला नसेल, तर ती लगेच बरोबर होते.

कोणी आधीच तास पुढे केले असतील, तर मात्र गोंधळ होतो. समजा, जुलैत ठाण्यात रात्रीचे ९ वाजले असताना होम सिटी LON आणि DST सुरू ठेवूनच घड्याळावर ९ लावले. मुख्य वेळ बरोबर दिसते, पण घड्याळाच्या हिशेबाने ती लंडनची असते, म्हणून वर्ल्ड टाइममध्ये DEL निवडल्यास पहाटेचे १:३० दिसतात. हीच त्या चुकीची खूण होय. आता होम सिटी DEL केली की मुख्य वेळही १:३० होईल आणि तारीख एक दिवस पुढे जाईल. घाबरू नये, शहर तसेच ठेवून तास, मिनिटे आणि तारीख हाताने दुरुस्त करावी. तारीख तपासणे बहुतेकांच्या हातून राहून जाते.

त्यानंतर सिग्नलची वाट पाहत घड्याळ रात्रभर खिडकीत ठेवण्यात अर्थ नाही. या घड्याळांना सिग्नल देणारी केंद्रे ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, जपान आणि चीन येथे आहेत, भारतात नाहीत. त्यामुळे ठाण्यात ERR दिसले म्हणून घड्याळ बिघडले असे समजून ते दुरुस्तीला देऊ नये. सिग्नलविना साधे क्वार्ट्झ यंत्र महिन्याला साधारण १५ सेकंदांपर्यंत पुढे-मागे होते, तेवढे मोबाइलवर पाहून जुळवावे. ब्लूटूथचे घड्याळ असल्यास आधी मोबाइलमधील आपोआप टाइम झोन सुरू करावा, नाहीतर मोबाइलची चूक घड्याळात उतरते.

लंडनला राहणाऱ्या मुलीची वेळ पाहण्यासाठी वर्ल्ड टाइममध्ये LON ठेवावे. सिग्नलअभावी तेथील उन्हाळी वेळ घड्याळाला कळत नाही, म्हणून त्या शहराचे DST मार्चच्या शेवटच्या रविवारी हाताने सुरू करावे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बंद करावे.