पलंग ते संडास: घरातले आजी-आजोबा रात्री पडू नयेत म्हणून

तयारीची सुरुवात रात्री लघवीला उठण्यापासून करा. पलंगापासून संडासापर्यंत पावलं जेमतेम दहा-बारा असतात, पण झोपेची गुंगी, अंधार, घाई आणि औषधांचा अंमल हे सगळं तिथेच एकत्र येतं.

आधी औषधं. डबे, पिशव्या, उशीखालची पाकिटं, सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या असं सगळं टेबलावर काढा आणि कुठली गोळी किती वाजता घेतली जाते ते कागदावर लिहा. एक उदाहरण घेऊ. वय ७४, सकाळी रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम. पहिल्या दोन गोळ्या रक्तवाहिन्या सैल करतात, त्यामुळे उठल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तिसरी तोल सावरण्याचा वेग कमी करते. म्हणजे प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर असली, तरी रात्री अडीचला तिघींचा हिशेब एकत्र होतो. सर्दी-खाजेच्या गोळ्यांनीही गुंगी येते, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली तर रात्रीच्या फेऱ्या वाढतात, आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांवर जेवण टाळलं तर साखर उतरून घेरी येते.

उठल्यावर रक्तदाब उतरतो ही शंका खरी आहे का, हे घरच्या रक्तदाबाच्या यंत्रावर कळतं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजताना शेजारी माणूस हवा. झोपून १४२/८० आणि उभं राहिल्यावर ११६/७० आला, तर वरचा आकडा २६ ने उतरला. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी ते आकडे वेळेसकट डॉक्टरांना दाखवायचे. नुसतं ‘चक्कर येते’ म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो. टॅम्सुलोसिन उपाशीपोटी घेतली तर जास्त शोषली जाते, म्हणून ती रोज ठरावीक जेवणानंतर घेतली जाते का, तेही सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका, झोपेची तर मुळीच नाही. ती एकदम थांबवली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते.

उठण्याची रीत ठरवून द्या: पलंगावर पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, घोटे वर-खाली दहा वेळा हलवायचे, मग काहीतरी धरून उभं राहायचं आणि दहा आकडे मोजून पहिलं पाऊल टाकायचं. पुरुषांनीही रात्री लघवी बसूनच करावी. बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतील एवढीच पलंगाची उंची हवी.

दिवा गुडघ्याच्या खाली लावा. चाहूल लागताच पेटणारे छोटे दिवे एक पलंगाशी, एक संडासाच्या दाराशी पुरतात. छताची ट्यूब एकदम लावली की डोळे दिपतात आणि जमीन दिसेनाशी होते. वीज जाते त्या घरात चार्जिंगची टॉर्च उशाशी ठेवा. वाटेतलं पायपुसणं उचला, उंबरठ्याच्या कडेला फिकट रंगाची पट्टी चिकटवा. संडासातला टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे, माणसाचं वजन पडलं की स्क्रू उपटून येतात. पकडदांडा भिंतीत पक्का बसवलेलाच हवा. आणि आतून कडी लावायची नाही.

पायात अंगठ्याची रबरी चप्पल असेल तर ती टिकवायला बोटं आखडून चालावं लागतं, आणि ती निसटते. मागून टाच धरणारा, वेलक्रोचा पट्टा असलेला, पातळ पण न वाकणाऱ्या तळव्याचा सँडल घ्या. तळव्याच्या रेघा झिजल्या की बदला. फरशीवर नुसते मोजे नकोत.

तोल स्वयंपाकघराच्या ओट्याशी तपासा. दोन्ही हात ओट्याजवळ ठेवून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून सरळ रेषेत उभं राहायचं. दहा सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजा. सराव तिथूनच करा: पावलं शेजारी-शेजारी, मग अर्धं पाऊल पुढे, मग सरळ रेषेत. एक पायरी आधार न धरता दहा सेकंद जमली की पुढची. जोडीला भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, पाच-पाच वेळा उठणं-बसणं. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागे सरकते. छातीत दुखलं, धाप लागली किंवा घेरी आली तर थांबायचं.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर लगेच उचलून उभं करू नका. मांडीच्या सांध्यात दुखतंय का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, ते आधी पाहा. तसं असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर माणूस ठीक वाटला तरी त्याच रात्री रुग्णालयात न्या. आतला रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो.