अडतीस वर्षे शून्य दिवस : अर्जांच्या छाननीत वय मोजताना मी काय शिकलो

साताऱ्यातल्या एका शिक्षण संस्थेत मी संगणकावर माहिती भरायला लागलो, तेव्हा पहिलं मोठं काम आलं ते भरतीच्या अर्जांचं. लिपिक आणि शिपाई मिळून तीनशेच्या वर अर्ज होते. जाहिरातीत लिहिलं होतं, '१ मार्च २०२२ रोजी वय किमान १८ वर्षे पूर्ण व ३८ वर्षांपेक्षा जास्त नसावे, मागासवर्गीयांसाठी कमाल ४३.' मला करायचं होतं एवढंच, की प्रत्येकाचं वय वर्षे-महिने-दिवसात काढायचं आणि समोर पात्र किंवा अपात्र लिहायचं. दुपारपर्यंत संपेल असं वाटलं होतं. चार दिवस लागले.

पहिल्या यादीत मी एक्सेलमध्ये `DATEDIF` लावून पूर्ण वर्षं काढली आणि वर्षं ३८ किंवा त्याहून कमी असतील तर 'पात्र' असं सूत्र टाकलं. यादी घेऊन हेडक्लार्ककडे गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिसऱ्याच नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा १४ जानेवारी चौऱ्याऐंशीचा. याला अडतीस कधी झाली?"

"चौदा जानेवारीला."

"आणि आपली तारीख?"

"एक मार्च."

"मग दीड महिना वर गेला की रं हा! पात्र कसा?"

बरोबर होतं त्यांचं. त्या उमेदवाराचं वय ३८ वर्षे १ महिना १५ दिवस होतं. 'पूर्ण वर्षं' या रकान्यात ३८ वर्षे ० दिवस आणि ३८ वर्षे ११ महिने दोन्ही ३८ च दिसतात. म्हणजे माझ्या सूत्राने कमाल वयाची मर्यादा जवळजवळ एक वर्षाने वाढवून टाकली होती. या कामात नवीन असाल तर तुमचीही पहिली चूक बहुधा हीच असेल. किमान वयाला हा घोटाळा होत नाही, कारण '१८ पूर्ण' म्हणजे १८ किंवा जास्त. कमाल वयाला मात्र पूर्ण वर्षांचा आकडा खोटं बोलतो.

यावर काही जण दिवसांची वजाबाकी करून ३६५ ने भागतात. तेही करू नका. १९८४ ते २०२२ मध्ये नऊ लीप दिवस येतात, म्हणून ५ मार्च १९८४ ला जन्मलेला माणूस या हिशेबात ३८.०१ वर्षांचा दिसतो आणि बाहेर फेकला जातो. खरं वय ३७ वर्षे ११ महिने २४ दिवस.

अण्णांची रीत वेगळी होती. ते वय काढायचेच नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात जन्मतारखांच्या हद्दी लिहायचे, 'खुला १-३-८४ च्या अलीकडचा, मागास १-३-७९ च्या अलीकडचा, सगळे १-३-२००४ च्या पलीकडचे', त्या त्या तारखा धरून, आणि दाखला बघून खूण करत जायचे. मला वाटायचं ही जुन्या माणसांची पद्धत. पण खरी पद्धत तीच आहे. पात्रता जन्मतारखेवरून ठरवायची, वर्षे-महिने-दिवस हे फक्त यादीत छापायला. मी मग तेच शीटमध्ये उतरवलं. `H1` मध्ये ठरलेली तारीख आणि खाली तीन हद्दी:

```
H2: =EDATE(H1,-12*38)
H3: =EDATE(H1,-12*43)
H4: =EDATE(H1,-12*18)
```

उत्तर पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका, सेलला तारखेचं स्वरूप द्या. `H1` मध्ये तारीख हाताने टाइप करा. तिथे `TODAY()` ठेवलंत तर उद्या फाइल उघडल्यावर एखादा उमेदवार म्हातारा झालेला असेल. `B` मध्ये प्रवर्ग आणि `C` मध्ये जन्मतारीख असेल तर खुणेचं सूत्र असं:

```
=IF(NOT(ISNUMBER(C2)),"तारीख तपासा",
 IF(C2>$H$4,"वय कमी",
 IF(C2<IF(B2="खुला",$H$2,$H$3),"वय जास्त","पात्र")))
```

नुसतं 'अपात्र' लिहू नका. कारण लिहा, म्हणजे उमेदवार खिडकीवर आला की दोन मिनिटांत सांगता येतं. आणि प्रवर्गाचा रकाना यादीतून निवडायचाच ठेवा. 'खुला' च्या पुढे कुणी एक मोकळी जागा सोडली तरी वरचं सूत्र त्याला मागासवर्गीय समजून पाच वर्षांची सवलत देऊन मोकळं होतं. आमच्याकडे असे दोघे निघाले.

सूत्राच्या सुरुवातीला `ISNUMBER` का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. फलटणची एक बाई अर्जाची प्रत घेऊन आली. यादीत तिच्यापुढे 'वय जास्त', ३८ वर्षे ० महिने २४ दिवस. तिचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला तर जन्म २ मे १९८४, म्हणजे वय ३७ वर्षे ९ महिने २७ दिवस. शीटमध्ये मात्र ५ फेब्रुवारी १९८४. तिने अर्जात 02/05/1984 लिहिलं होतं, आणि ज्या संगणकावर फाइल उघडली त्याच्या तारखेची मांडणी अमेरिकन होती, आधी महिना मग दिवस. तिथे २ मे ची ५ फेब्रुवारी झाली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

हे ओळखायची एक खूण आहे. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर, म्हणजे 25/05/1990 सारखी तारीख, एक्सेलला महिना म्हणून पंचवीस घेता येत नाही. ती तारीख मजकूर म्हणूनच राहते आणि सेलमध्ये डावीकडे चिकटते. जिची तारीख झाली ती उजवीकडे जाते. म्हणजे रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, आणि उजवीकडच्यांत एकही १३ ते ३१ मधला दिवस नसेल, तर उजवीकडच्या सगळ्या उलटल्या आहेत असं समजा. चुकीच्या वाटणाऱ्या डावीकडच्याच खऱ्या, आणि शहाण्या दिसणाऱ्या उजवीकडच्या बिघडलेल्या! बहुतेक जण डावीकडच्या दुरुस्त करतात आणि उजवीकडच्यांना हात लावत नाहीत. मीही तेच केलं होतं.

बरं, मजकूर राहिलेली तारीख सूत्रात गप्प बसत नाही. तुलना करताना एक्सेल मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानतो. म्हणून `ISNUMBER` नसेल तर असा माणूस, मग तो चाळीस वर्षांचा का असेना, 'वय कमी' म्हणून बाहेर जातो.

उलटलेल्या तारखा शीटमध्ये बसून सुलट करायला जाऊ नका. कुठल्या उलटल्या आणि कुठल्या नंतर हाताने नीट भरल्या, हे आता कळत नाही. मूळ फाइल परत आणा आणि आत घेतानाच जन्मतारखेच्या रकान्याला `DMY` निवडा. मग दाखल्याशी पडताळा. दाखल्यावर तारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही असते, तिथली अक्षरी वाचायची. तिला उलटता येत नाही. आणि हो, माण-खटावकडच्या अर्जांत १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसली म्हणून ती संगणकाची चूक समजू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख आहे, आणि दाखल्यावर तीच असेल तर आपल्यासाठी तीच खरी.

आता वर्षे-महिने-दिवस. वर्षांसाठी `"Y"`, उरलेल्या महिन्यांसाठी `"YM"` ठीक चालतात. दिवसांसाठी सगळीकडे सांगितलेला `"MD"` मात्र भरवशाचा नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः त्याबद्दल सावध केलेलं आहे. आमच्या यादीत ३१ जानेवारी १९९० चा एक उमेदवार होता. त्याचं वय आलं ३२ वर्षे १ महिना उणे २ दिवस. मागचा महिना फेब्रुवारी, त्याला अठ्ठावीसच दिवस, आणि सूत्र एकतिसाव्या दिवसापासून मोजायला बघतं, म्हणून हे असं. दिवस मी मग असे काढले:

```
=$H$1-EDATE(C2,DATEDIF(C2,$H$1,"M"))
```

आधी पूर्ण महिने मोजायचे, जन्मतारखेत ते मिळवून शेवटची 'महिनापूर्ती' गाठायची आणि तिथून ठरलेल्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायचे. त्या उमेदवाराचे ३८५ पूर्ण महिने २८ फेब्रुवारी २०२२ ला झाले, पुढे एक दिवस. वय ३२ वर्षे १ महिना १ दिवस.

उणे दोन दिसलं की निदान माणूस थबकतो. खरा घोळ झाला तो २९ फेब्रुवारी १९८४ ला जन्मलेल्या एका खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराचा. `"MD"` त्याला ३८ वर्षे ० महिने ० दिवस देत होतं, म्हणजे 'जास्त नाही', म्हणजे आत. माझं नवं सूत्र ३८ वर्षे ० महिने १ दिवस देत होतं, आणि हद्दीची तारीख १ मार्च १९८४ असल्याने खूण 'वय जास्त'. २०२२ मध्ये २९ फेब्रुवारी नव्हतीच. मग त्याची अडतीस पूर्ण कधी झाली, २८ ला की १ मार्चला? याचं उत्तर एक्सेलकडे नाही. ते नियमाकडे असतं.

कायद्याचा हिशेब आणखी एक पाऊल पुढचा आहे. प्रभू दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरला. त्या उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा, आणि १ जानेवारी १९८४ रोजी २८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत अशी अट. आपलं सूत्र त्याला २७ वर्षे ११ महिने ३० दिवस देईल. न्यायालयाने म्हटलं, १ जानेवारीचा दिवस संपताना त्याची २८ पूर्ण झाली, म्हणून तो बाहेर. एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामागेही हाच हिशेब आहे.

या हिशेबाने आमच्या १ मार्च १९८४ वाल्यांचंही काय करायचं, असा प्रश्न मी अण्णांना विचारला. ते म्हणाले, "ते तू ठरवायचं नाही आणि मी पण नाही. हद्दीवरची नावं वेगळी काढ." म्हणून हद्दीच्या तारखेच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे जन्मलेले सगळे मी वेगळ्या कागदावर घेतले. चार नावं निघाली. निवड समितीने ठरवलं, जन्म १ मार्च १९८४ किंवा त्यानंतरचा असेल तर आत, त्याआधीचा बाहेर, आणि हे सगळ्यांना सारखं. इतिवृत्तात तसं लिहिलं, सह्या झाल्या. २९ फेब्रुवारीवाला बाहेर गेला. तो विचारायला आला तेव्हा त्याला इतिवृत्ताची ती ओळ दाखवता आली.

केंद्रीय लोकसेवा आयोग आपल्या जाहिरातीत वयाच्या अटीसोबत 'अमुक तारखेच्या आधी नाही आणि तमुक तारखेच्या नंतर नाही' अशा जन्मतारखाच छापतो, तो उगाच नाही. जाहिरातीत अशा तारखा दिलेल्या असतील तर `EDATE` सुद्धा वापरू नका, त्या तारखा जशाच्या तशा हद्दीच्या सेलमध्ये टाइप करा. आमच्या पुढच्या जाहिरातीचा मसुदा अण्णांनी माझ्याकडे टाइप करायला दिला, तेव्हा वयाच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने दोन रिकाम्या जागा सोडल्या होत्या. "तारखा तू भर," म्हणाले, "आणि मग मी बोटावर मोजून बघतो."